माळावर की माळेवर? नऊ चुकलेल्या उत्तरांचा हिशेब

निफाड तालुक्यातली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करायला नाशिकला राहते. पंचवटीत तिघी मिळून एक खोली घेतली आहे, पहाटे मैदानावर धावणे आणि दुपारनंतर अभ्यासिका, असा तिचा दिवस. मी निवृत्त मराठीची शिक्षिका. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या अभ्यासिकेत जाऊन बसते आणि ज्याला व्याकरणात काही अडेल त्याने समोर येऊन बसावे, असे ठरलेले आहे. ही मुलगी एका संध्याकाळी आली ती रडवेली होऊनच. हातात एक सराव प्रश्नपत्रिका, फक्त शब्दार्थाची, वीस प्रश्नांची. निम्मे प्रश्न अनेकार्थी शब्दांचे, उरलेले सारख्या उच्चाराच्या शब्दांचे. वीसपैकी नऊ चुकले होते.

“मॅडम, मला हे सगळे शब्द पाठ आहेत. तुम्ही विचारा.”

मी विचारले. कर म्हणजे हात, किरण, सरकारी सारा, हत्तीची सोंड. पात्र म्हणजे भांडे, नदीचा प्रवाह वाहतो ती जागा, नाटकातली व्यक्ती, लायक. अंक, पक्ष, द्विज, जीवन, सगळे धडाधड म्हणून दाखवले. एकही अर्थ चुकला नाही. पाठांतर कमी पडल्यामुळे हे गुण गेले नव्हते, एवढे तिथेच कळले. आणखी एक गोष्ट मी विचारली: पेपर किती वेळात सोडवलास? नऊ मिनिटांत. भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांसाठी ९० मिनिटे असतात, म्हणजे एका गुणामागे ५४ सेकंद. तिने त्याच्या निम्माच वेळ वापरला होता. शब्द पाहिला, पाठ असलेला अर्थ पर्यायात दिसला, खूण केली. वाक्य तिने वाचलेच नव्हते, किंवा वाचले असेल तर त्यातला एखादाच ओळखीचा शब्द उचलला होता.

मी तिला उत्तरपत्रिका बाजूला ठेवायला लावली आणि चुकलेला पहिला प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला. वाक्य असे होते: ‘लग्नघरातून निघालेली मंडळी माळावर थांबली.’ अधोरेखित शब्द माळ. पर्याय होते हार, उघडे मैदान, पोटमाळा आणि फुलांची परडी. तिने हार निवडला होता. का, असे विचारल्यावर म्हणाली, “लग्न आहे ना, मॅडम.”

हे उत्तर मला फार उपयोगी वाटले, कारण पेपर काढणारा नेमके हेच करतो. चुकीच्या अर्थाकडे ओढून नेणारा एक शब्द तो वाक्यात मुद्दाम पेरतो. लग्न आले की हार, पूर आला की होडी, मार आला की पाठ. हा शब्द डोळ्यांत भरतो आणि खरा पुरावा लहानशा प्रत्ययात लपून राहतो. इथे तो पुरावा ‘माळावर’ या रूपातच होता. गळ्यात घालायची ती माळ स्त्रीलिंगी, तिचे सामान्यरूप माळे: माळेत, माळेचा, माळेवर. गावाबाहेरचा तो माळ पुल्लिंगी, त्याचे सामान्यरूप माळा: माळात, माळाचा, माळावर. मंडळी माळावर थांबली म्हणताच हार बाद झाला. लग्नाचा विचार करायचे कारणच नाही.

एरवी बोलताना ही मुलगी हे कधीच चुकत नाही. “माळावर शेळ्या चरतात” आणि “माळेतला मणी तुटला” ही वाक्ये तिच्या घरची आहेत. तिला मी तेवढेच सांगितले: तुझ्या तोंडाला लिंग माहीत आहे, ते परीक्षेत वापर. मराठीत पुष्कळ अनेकार्थी शब्दांचे अर्थ लिंगाने वेगळे झालेले आहेत, आणि विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागले की ते वेगळेपण कागदावर दिसते. ती मान, मानेवर. तो मान, मानाचा. ती पाठ, पाठीवर. तो पाठ, पाठात. ती नाव म्हणजे होडी, नावेत. ते नाव, नावात. ती वेळ, वेळेवर. तो वेळ, थोड्या वेळात. ‘गाडी वेळेवर आली’ आणि ‘गाडी थोड्या वेळात आली’ यातला फरक तिला कुणी समजावून द्यावा लागला नव्हता. फक्त हा फरक म्हणजेच उत्तर, हे कुणी सांगितले नव्हते.

मग तिने आपणहून दुसरे दोन प्रश्न काढले. ‘पुराच्या रात्री त्याच्या नावाचा गाजावाजा झाला’ यात तिने होडी निवडली होती. होडी असती तर ‘नावेचा’ झाले असते. ‘मार खाल्ल्यावर त्याला पाठाचे महत्त्व कळले’ यात तिने शरीराचा मागचा भाग धरला होता. तसे असते तर ‘पाठीचे’. तीन चुका एकाच जागी सापडल्या. तिचा चेहरा उतरला होता तो जरा वर आला.

‘जरा’ हाच शब्द चौथ्या चुकीत होता. वाक्य: ‘जरा आली तशी पावले जड झाली.’ तिने ‘थोडेसे’ निवडले. इथे मी तिला ते वाक्य तीनदा वाचायला लावले. तिन्ही वेळा तिने ज चा उच्चार जहाजातल्या ज सारखा केला. थोडेसे या अर्थाचा जरा तसाच उच्चारतात. म्हातारपण या अर्थाची संस्कृतातली जरा मात्र जीवनातल्या ज सारखी, तालव्य. लिहिण्यात फरक नाही, बोलण्यात आहे. पण परीक्षेच्या कागदावर आवाज नसतो, तेव्हा तिथे काय धरायचे? क्रियापद. ‘आली’ कोण आली? वाक्यात दुसरा कर्ता नाही. जरा थोडेसे असेल तर तो क्रियाविशेषण, त्याच्याशी क्रियापद जुळणार नाही. ‘आली’ हे स्त्रीलिंगी एकवचन ज्याच्याशी जुळते तेच नाम, आणि ते म्हणजे म्हातारपण. आधी चुकीच्या ज ने वाचले की डोके दुसरीकडे जाते. म्हणून अर्थ बसत नाही असे वाटले की शब्द दुसऱ्या उच्चाराने मनात म्हणून पाहावा. च, ज आणि झ या तीन अक्षरांपुरती ही सवय लावली तरी पुरते.

पाचवी चूक पात्रची. ‘मोठ्या भूमिकेसाठी ती पात्र ठरली.’ पुन्हा पेरलेला शब्द: भूमिका. तिने नाटकातली व्यक्ती निवडली. नाम असलेले पात्र नपुंसकलिंगी आहे, ते पात्र रंगते, ते पात्र कोरडे पडते. इथे ‘ठरली’ हे ‘ती’शी जुळले आहे आणि पात्र तिच्याबद्दल काही सांगते आहे, म्हणून ते विशेषण. त्या जागी ‘लायक’ ठेवून पाहिले की वाक्य जसेच्या तसे उभे राहते.

इथवर ती खुशीत होती. सहाव्या चुकीला मात्र ती माझ्याशी भांडली, आणि तिचे भांडण अगदी बरोबर होते.

वाक्य: ‘वडिलांचे दोनच शब्द ऐकून त्याने सुतावरून स्वर्ग गाठला.’ पर्याय मुलगा, धागा, सारथी, लाकूडकाम करणारा. तिने मुलगा निवडला होता.

“मॅडम, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. ऱ्हस्व सुत म्हणजे मुलगा, दीर्घ सूत म्हणजे धागा. इथे ऱ्हस्व आहे. मग माझं कसं चुकलं?”

तिने पुस्तक उघडून ती ओळ दाखवली. ओळ खरी होती. पण ती ओळ मूळ शब्दांपुरती खरी आहे, आणि परीक्षेतल्या वाक्यात मूळ शब्द क्वचितच येतो. मी तिच्या वहीत चार शब्द लिहिले: फूल, दूध, मूल, पूर. मग प्रत्येकापुढे त्याचे प्रत्यय लागलेले रूप तिलाच लिहायला लावले. तिने फुलात, दुधात, मुलाला, पुरात असे लिहिले आणि लिहिता लिहिता थांबली. चारही ठिकाणी दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला होता. मराठी शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ ई किंवा ऊ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते. धागा या अर्थाचे सूत संस्कृत सूत्रावरून मराठीत घडलेले आहे, म्हणून त्याचे होते सुताला, सुताचा, सुतावरून. मुलगा या अर्थाचा सुत मुळातच ऱ्हस्व, त्याचेही सुताला, सुताचा. दोन्ही शब्द प्रत्ययापाशी येऊन एकच होतात. तिथे ऱ्हस्वदीर्घाकडे पाहून काहीच कळत नाही.

सारथी या अर्थाचा तिसरा सूत संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. अशा तत्सम शब्दांना हा नियम लागत नाही, त्यांचा दीर्घ दीर्घच राहतो. दीन म्हणजे गरीब, दीनांना. दिन म्हणजे दिवस, दिनाला. म्हणून सारथी असेल तर आपण सूताला लिहितो, सुताला लिहीत नाही. तिने पुस्तकातल्या त्या ओळीपुढे पेन्सिलीने ‘प्रत्यय नसेल तर’ असे बारीक अक्षरात लिहिले. हे तीन शब्द छापील पुस्तकात असायला हवे होते असे मला मनापासून वाटते. जोड्यांच्या याद्या छापताना ही अट गाळली की मुले पाठ केलेल्याच्या जोरावर चुकतात, आणि मग त्यांना वाटते की आपल्यालाच काही येत नाही.

मग सुतावरून स्वर्ग गाठणे कसे सोडवायचे? अर्थाने. थोड्याशा खुणेवरून सगळे ओळखणे हा त्या वाक्प्रचाराचा अर्थ. धाग्याचे टोक हातात आले आणि माणूस स्वर्गापर्यंत पोचला, असे ते चित्र आहे. वडील हा शब्द मुलाची आठवण व्हावी म्हणूनच तिथे ठेवलेला.

याच नियमात कधी कधी लिंग पुन्हा मदतीला येते. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी ही नेहमीची जोडी. प्रत्यय लागला की दोन्हींत शि ऱ्हस्व होतो. पण ते शिर, म्हणून शिरावर पदर. ती शीर, म्हणून शिरेत सुई. ऱ्हस्वदीर्घ पुसले गेले तरी आ आणि ए उरतात. सुताच्या बाबतीत तोही आधार नाही, म्हणून तो प्रश्न जास्त अवघड.

सातवी चूक पाणिग्रहणाची. त्यातल्या ‘पाणि’चा अर्थ तिने जल धरला. कारण विचारले तर म्हणाली, “कन्यादानात हातावर पाणी सोडतात ना.” पाहिलेल्या लग्नांवरून तिने शोधलेला अर्थ होता तो, आणि चुकीचा असला तरी आंधळा नव्हता. पाणि म्हणजे हात, पाणिग्रहण म्हणजे हात धरणे. जोड्यांच्या यादीत पाणि आणि पाणी असे वेगळे छापलेले असतात. मात्र १९६२ साली ठरलेल्या मराठी लेखननियमांप्रमाणे, ज्यांत १९७२ साली चार नियमांची भर पडून ते अठरा झाले, संस्कृतातून आलेले ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत सुटे लिहिताना दीर्घ लिहायचे असतात. कवि आपण कवी लिहितो, तसा हात या अर्थाचा सुटा शब्दही पाणी असाच होईल. समासात तो पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत दिसतो: कविराज, पाणिग्रहण. म्हणून परीक्षेत हा शब्द बहुधा समासातच भेटेल, आणि समासात पहिल्या पदाच्या शेवटी ऱ्हस्व णि दिसला की तो हातच.

आठव्या चुकीसाठी आम्ही अभ्यासिका सोडली. वाक्य होते: ‘या घंगाळाचा घाट पाहून गिऱ्हाईक थांबले.’ तिने नदीकाठच्या पायऱ्या निवडल्या होत्या. रोज रामकुंडावरून येणाऱ्या मुलीने दुसरे काय निवडावे? घाटाचा डोंगरातला अर्थही तिच्या अंगवळणी पडलेला, मुंबईला जाताना कसारा घाट लागतोच. पण आकार, घडण या अर्थाने घाट हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. यादीत पाठ केला होता एवढेच. आणि इथे लिंगाचा उपयोग नाही, कारण तिन्ही घाट पुल्लिंगी आहेत. तिन्हींचे सामान्यरूपही घाटा.

भांडीबाजार तिथून पायी अंतरावर. एका दुकानात तांब्याचे घंगाळ आणि दोन कळश्या शेजारी मांडलेल्या होत्या. एक खांद्याला रुंद आणि बुडाशी निमुळती, दुसरी सरळ उभी, यंत्रावर काढलेली. तिने दुकानदाराला विचारले, “काका, या दोन्हींत फरक काय?” त्यांनी पहिल्या कळशीच्या पोटावरून हात फिरवला. हातोडीचे ठोके तिच्यावर अजून खवल्यांसारखे दिसत होते. “हिचा घाट बघ ना, ताई. कमरेवर कशी बसेल. तिला घाटच नाही.” बाहेर आल्यावर तिने वहीत ते वाक्य उतरवून घेतले आणि स्वतःच म्हणाली, “म्हणजे ‘कशाचा घाट’ ते बघायचं.” अगदी तेच. लिंग आणि सामान्यरूप मूक असतील तेव्हा षष्ठीतला शब्द आणि क्रियापद बोलतात. भांड्याचा, दागिन्याचा, मूर्तीचा घाट म्हणजे आकार. घाट चढतात, उतरतात, ओलांडतात तो डोंगरातला. घाटावर बसतात, स्नान करतात तो नदीचा. आणि लग्नाचा किंवा सभेचा घाट घालतात तेव्हा तो बेत.

नववी चूक मी तिच्या नावावर पूर्ण टाकणार नाही. ‘सूर्याने आपल्या करांनी धरतीला स्पर्श केला.’ पर्यायांत हात आणि किरण दोन्ही. तिने स्पर्श या शब्दावरून हात धरला. सूर्याला माणूस मानले तर हातही चूक म्हणता येत नाही, आणि कवीच्या मनात दोन्ही अर्थ एकदमच असतात. परीक्षेत मात्र ज्याचे कर, त्याच्याजवळ खरोखर काय असते ते पाहावे. सूर्याजवळ किरण असतात, हत्तीजवळ सोंड, राजाला प्रजेकडून मिळतो तो सारा. पर्यायांत किरण नसते तर हात बरोबर ठरले असते. असे प्रश्न थोडेच असतात, त्यांवर फार वेळ घालवू नये.

यानंतर तीन आठवडे तिने याद्या बाजूला ठेवल्या आणि रोज एका शब्दाची दोन वाक्ये लिहिली. अट एकच: वाक्यात चुकीच्या अर्थाकडे ओढणारा एक शब्द हवा. पेपर काढणाऱ्याच्या जागी बसल्यावर तो शब्द कुठे पेरला जातो, हे तिला दिसू लागले. मग मी नवे वीस प्रश्न दिले. तेरा मिनिटे लागली आणि सतरा बरोबर आले.

चुकलेल्या तीनपैकी दोन तत्सम जोड्या होत्या. मिलन म्हणजे भेट आणि मीलन म्हणजे मिटणे. सलिल म्हणजे पाणी आणि सलील म्हणजे लीलेने, सहज. ‘संध्याकाळी कमळाच्या पाकळ्यांचे मीलन झाले’ यात तिने भेट धरली. पाकळ्या एकमेकींना भेटतात असेही कुणाला वाटू शकते, त्यामुळे तिथे फक्त ऱ्हस्वदीर्घाचाच आधार आहे. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात, दुसरा उपाय मला ठाऊक नाही. पण त्या मोजक्या आहेत, एका पानात मावतील एवढ्या.

तिसरी चूक माझ्या शिकवण्यातली होती. ‘पुरात वाहून गेलेल्या नावांची यादी केली.’ तिने यादीकडे पाहिले आणि माणसांची नावे धरली. सामान्यरूप पाहायला गेली तर ‘नावां’. एकवचनात नावेची आणि नावाची असा भेद असतो, पण नावा म्हणजे होड्या आणि नावे म्हणजे माणसांची नावे, या दोघांचेही अनेकवचनी सामान्यरूप नावां असेच होते. माळांवर, मानांवर, तिथेही तेच. अनेकवचनात आ आणि ए चा भेद राहत नाही, हे मी तिला सांगितलेच नव्हते. तिथे वाहून काय जाते, हाच प्रश्न विचारायचा. तिने ते माझ्याकडून लिहून घेतले आणि रागावलीही थोडी.

पुढच्या आठवड्यात ती एक शब्द घेऊन आली: तीर. बाण असेल तर तो तीर सुटतो, काठ असेल तर ते तीर दिसते, इथपर्यंत लिंग पुरते. पण तीरावर म्हटले की दोन्ही सारखेच. मी तिला म्हटले, नियमाने पाहिले तर काठ या अर्थाचा शब्द तत्सम, म्हणून तीरावर. बाण या अर्थाचा फारसीतून आलेला, म्हणून गरीबचे गरिबाला होते तसे त्याचे तिरावर व्हायला हवे. पण छापील मजकुरात बाणालाही सर्रास तीराने लिहिलेले सापडते, त्यामुळे परीक्षेत त्यावर विसंबू नकोस.

“मग ‘तीरावर रक्त होते’ असं आलं तर?”

मी म्हटले, तर तो प्रश्नच सदोष.

ती थोडा वेळ वहीत काहीतरी खोडत राहिली आणि मग वही माझ्याकडे सरकवली. दोन वाक्ये लिहिली होती. ‘तीरावर रक्त लागले होते.’ ‘तीरावर रक्त सांडले होते.’

“पहिला बाण,” ती म्हणाली, “दुसरा काठ. मी काढला असता तर असा काढला असता, मॅडम.”